अर्ध्यावर तुटलेलं सिंक पुन्हा कुठून सुरू होतं?

नवा फोन घेतला, त्यात जुनं मेल खातं जोडलं, आणि दोन दिवस झाले तरी ‘सिंक सुरू आहे’ ही ओळ काही हलेना, असा अनुभव अनेकांच्या वाट्याला येतो. वायफाय चांगलं असतं, फोनमध्ये जागा असते. रात्रभर चार्जिंगला लावून ठेवावा, तर सकाळी जुनी मेल्स कालच्या इतकीच दिसतात. अशा वेळी आपण नेटवर्कला दोष देतो. पण पुष्कळदा खरं कारण ॲपच्या आत असतं. काम मध्येच तुटलं, तर आपण कुठवर आलो होतो हे ॲपने कुठेही लिहून ठेवलेलं नसतं, आणि त्यामुळे ते दर वेळी पहिल्या पत्रापासून सुरुवात करतं.

हा प्रश्न नीट कळावा म्हणून एक खातं डोळ्यांसमोर ठेवू. त्यात ४८,००० मेल्स आहेत. नोकरीत वीस वर्षं काढलेल्या माणसाचं असं खातं सहज असू शकतं. एका मेलचा सरासरी आकार ७५ केबी धरला, तर सगळं मिळून साधारण ३.६ जीबी होतं. सेकंदाला २० मेल्स उतरत असतील, तर हे काम ४० मिनिटांचं आहे. ४० मिनिटं म्हणजे फार नाहीत, असं वाटेल. पण फोनमध्ये सलग ४० मिनिटं मिळणं ही दुर्मीळ गोष्ट आहे. अँड्रॉइड पार्श्वभूमीत चालणाऱ्या एका साध्या कामाला साधारण १० मिनिटं देतं आणि मग ते थांबवतं. आयफोनवर मधूनमधून ताजी माहिती आणण्यासाठी ॲपला जी संधी मिळते, ती जेमतेम अर्ध्या मिनिटाची असते. दुसरं एखादं ॲप मेमरी मागू लागलं की मागे पडलेलं ॲप सरळ मारलं जातं. बॅटरी संपते, गाडी खंडाळ्याच्या बोगद्यात शिरते, कोणीतरी स्क्रीनवरून ॲप झटकून बंद करतं. थोडक्यात, मध्येच मारलं जाणं हा इथे अपघात नाही, रोजचा व्यवहार आहे.

आता हिशेब करून पाहू. ॲपला दर वेळी १० मिनिटं मिळतात. त्यात १२,००० मेल्स उतरतात आणि ॲप मारलं जातं. ॲपने काही लिहून ठेवलं नसेल, तर पुढच्या फेरीत तीच १२,००० मेल्स पुन्हा उतरतात. तिसऱ्या फेरीतही तीच. इथे सिंक हळू चाललंय असं म्हणणंच चुकीचं आहे. ते कधीच पूर्ण होणार नाही, महिनाभर फोन चार्जिंगला लावला तरी नाही.

व्यत्यय ठरावीक वेळी न येता कधीही येत असतील, तर थोडी आशा असते, पण किती? सरासरी दर १० मिनिटांनी एकदा काम तुटतंय असं धरलं, तर ४० मिनिटं अखंड मिळण्याची शक्यता पंचावन्नात एक इतकी निघते. पहिल्या पूर्ण यशापर्यंत वाया जाणाऱ्या सगळ्या फेऱ्या धरल्या, तर सरासरी नऊ तास लागतात आणि ३.६ जीबीच्या टपालासाठी सुमारे ४८ जीबी डेटा खर्च होतो. कुठवर आलो याची खूण ठेवणारं ॲप हेच काम त्याच व्यत्ययांमध्ये ४० मिनिटांत आणि वर काही सेकंदांत उरकतं. संगणकाच्या भाषेत या खुणेला चेकपॉइंट म्हणतात. मी इथे खूणच म्हणणार आहे.

खूण ठेवायची हे ऐकायला सोपं आहे. पण खुणेत नेमकं काय लिहायचं, इथेच पहिली मोठी फसगत होते. सगळ्यात आधी सुचतो तो आकडा म्हणजे ‘१२,००० झाली’. पुढच्या वेळी १२,००१व्या मेलपासून सुरुवात करायची. जुन्याकडून नव्याकडे जाताना हे बरोबर वाटतं, आणि खात्यात काहीच हललं नाही तर चालतंही. पण खातं जिवंत असतं. समजा, सिंक तुटलेलं असताना त्या माणसाने ऑफिसच्या संगणकावर बसून जुनी ३०० मेल्स काढून टाकली. सर्व्हरवरची रांग आता ३०० घरांनी पुढे सरकली. जे मेल कालपर्यंत १२,००१वं होतं ते आज ११,७०१वं झालं. ॲप मात्र आपल्या आकड्यावर विश्वास ठेवून १२,००१पासून सुरू करतं, आणि मधली ३०० मेल्स कधीच फोनमध्ये येत नाहीत.

यातली खरी वाईट गोष्ट पुढे आहे. सिंक संपलं की ॲप पडताळणी करतं. सर्व्हरवर आता ४७,७०० मेल्स आहेत. फोनमध्ये पहिल्या फेरीची १२,००० आणि नंतरची ३५,७०० मिळून ४७,७००. बेरीज अगदी जुळते. पण फोनमधली ३०० मेल्स काढून टाकलेली आहेत, आणि सर्व्हरवरची ३०० फोनमध्ये नाहीत. बेरीज जुळली म्हणजे सगळं आलं, असं मानणाऱ्या कुठल्याही तपासणीला ही चूक सापडत नाही. ती सापडते ती कधीतरी सहा महिन्यांनी, एखाद्या जुन्या पावतीचा शोध घेताना.

मेल आणणाऱ्या आयमॅप या पद्धतीत यावर उपाय आहे, आणि तो बराच जुना आहे. आयमॅपची सुरुवात मार्क क्रिस्पिन यांनी १९८६मध्ये स्टॅनफर्डला केली. १९९४च्या डिसेंबरमध्ये त्याची चौथी आवृत्ती प्रसिद्ध झाली, तिच्यात प्रत्येक मेलला दोन क्रमांक आले. एक रांगेतला क्रमांक, जो पुढचं कोणी गेलं की बदलतो. दुसरा यूआयडी, म्हणजे त्या मेलचा स्वतःचा क्रमांक. हा फक्त वाढत जातो, मेल काढून टाकलं तरी दुसऱ्या कोणाला दिला जात नाही. आपल्या खात्यात ४८,००० मेल्स असली, तरी शेवटच्या मेलचा यूआयडी ५२,३१० असू शकतो. मधले चार हजारांहून जास्त क्रमांक काढून टाकलेल्या मेल्सचे, कायमचे रिकामे. खूण ठेवायची ती याच क्रमांकाची. ‘किती झाली’ हे न लिहिता ‘कोणत्या यूआयडीपर्यंत झाली’ हे लिहायचं. मग मागे कोणी ३०० काढो की ३,०००, खूण जागची हलत नाही.

ॲप आणि सर्व्हर यांच्यातला संवाद थोडक्यात असा असतो:

```
a1 SELECT INBOX
* 48000 EXISTS
* OK [UIDVALIDITY 1609459200]
* OK [UIDNEXT 52311]
a2 UID FETCH 52161:52310 (BODY.PEEK[])
```

ॲप इनबॉक्स उघडतं. सर्व्हर सांगतो, ४८,००० मेल्स आहेत, पुढच्या येणाऱ्या मेलला ५२,३११ हा क्रमांक मिळेल. मधल्या ओळीतल्या मोठ्या आकड्याकडे आपण नंतर येऊ. शेवटच्या ओळीत ॲप पहिली १५० क्रमांकांची जुडी मागतं, ५२,१६१ ते ५२,३१०. म्हणजे सुरुवात सगळ्यात नव्या मेल्सपासून. हेच योग्य आहे. फोन हातात घेतलेल्या माणसाला आजचं पत्र हवं असतं, २००६चं नव्हे.

पण नव्याकडून जुन्याकडे जायचं ठरवलं की एक खूण पुरत नाही. काम चालू असतानाच वरच्या टोकाला नवी मेल्स येत राहतात. म्हणून खुणेत दोन आकडे हवेत, वरचं टोक आणि खालचं टोक. त्यांचा अर्थ एकच आणि पक्का, की या दोन आकड्यांच्या मध्ये जे काही आहे ते सगळं फोनमध्ये आलेलं आहे. खोक्यात धान्य भरावं तसं अधूनमधून काही आलं, काही राहिलं, असं चालणार नाही. दोन टोकांच्या मध्ये एकही भोक असता कामा नये.

पहिली फेरी चालवून पाहू. ८० जुड्या झाल्या, वरचं टोक ५२,३१० आणि खालचं ४०,३११. पुढची जुडी, ४०,१६१ ते ४०,३१०, निम्म्याहून अधिक आलेली असतानाच फोनने ॲप मारलं. संध्याकाळी ॲप पुन्हा जागं झालं. मधल्या वेळात १२ नवी मेल्स आली आहेत, ५२,३११ ते ५२,३२२. ॲप आपली खूण वाचतं. आधी ५२,३११पासून वरची मेल्स मागतं आणि ती आली की वरचं टोक ५२,३२२वर नेतं. मग खाली वळून ४०,१६१ ते ४०,३१० ही अर्धवट राहिलेली जुडी पुन्हा पूर्ण मागतं. तिच्यातली काही मेल्स दुसऱ्यांदा उतरतील. ते चार-पाच सेकंदांचं नुकसान आपण समजून उमजून पत्करलेलं आहे.

इथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. वरची नवी मेल्स आणताना जुन्याकडून नव्याकडे जायचं, म्हणजे ५२,३११ आधी आणि ५२,३२२ शेवटी. महिनाभर फोन बंद असेल आणि १२च्या जागी २,००० नवी मेल्स असतील, तर हेही काम मध्येच तुटू शकतं. उलट क्रमाने आणलं तर नवी काही मेल्स आणि आधीची जुनी मेल्स यांच्यामध्ये खिंडार पडतं, आणि ‘मधलं सगळं आलेलं आहे’ हे वाक्य खोटं ठरतं. ज्या ॲपना काहीही करून सगळ्यात नवं मेल आधी दाखवायचं असतं, त्यांना मग दोन टोकांऐवजी आलेल्या तुकड्यांची पूर्ण यादी सांभाळावी लागते. ते करता येतं, पण काम वाढतं.

खुणेत काय लिहायचं हे ठरलं. ती कधी लिहायची, हा दुसरा प्रश्न. मेल आधी साठवायचं की खूण आधी पुढे सरकवायची? खूण आधी सरकवली आणि त्याच क्षणी ॲप मारलं गेलं, तर खूण म्हणते ही १५० मेल्स आली आहेत आणि प्रत्यक्षात ती नाहीत. पुढच्या वेळी ॲप त्यांच्यावरून निघून जाईल आणि हे भोक कायमचं राहील. मेल्स आधी साठवली आणि खूण सरकवायच्या आत ॲप गेलं, तर तीच मेल्स पुन्हा येतील. दुसरी चूक दुरुस्त होण्यासारखी आहे, पहिली नाही. म्हणून माल आधी, खूण नंतर. आणि तेच मेल पुन्हा आलं तर त्याची दुसरी प्रत तयार होऊ नये, याचीही सोय आधीच करून ठेवायची.

फोनमधली बहुतेक ॲप आपली माहिती एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये ठेवतात. त्यात याहून चांगली सोय आहे. मेल आणि खूण दोन्ही एकाच व्यवहारात लिहिता येतात. झालं तर दोन्ही, नाही तर एकही नाही.

```
BEGIN;
INSERT INTO mail (folder, uidvalidity, uid, body)
  VALUES ('INBOX', 1609459200, 40161, ?)
  ON CONFLICT DO NOTHING;
-- जुडीतली बाकीची मेल्स
UPDATE sync_state SET low = 40161
  WHERE folder = 'INBOX';
COMMIT;
```

`COMMIT`च्या आधी कधीही वीज गेली, ॲप मारलं गेलं, तरी डेटाबेस उघडताना तो अर्धवट व्यवहार पुसला जातो आणि जुनी खूण शाबूत राहते. अगदी शेवटचा व्यवहार बॅटरी अचानक गेल्यामुळे हरवला, तरी मेल्स आणि खूण एकत्रच हरवतात, त्यामुळे दोघांमध्ये विसंगती येत नाही. `ON CONFLICT DO NOTHING` या ओळीचा अर्थ, हे मेल आधीच असेल तर काही करू नकोस. त्यासाठी फोल्डर, `UIDVALIDITY` आणि यूआयडी ही तिन्ही मिळून त्या तक्त्याची मुख्य किल्ली केलेली असावी लागते. नाहीतर हीच ओळ निमूटपणे दुसरी प्रत घालून टाकते. एकाच पत्राच्या दोन-दोन प्रती दिसणारी खाती पाहिली, की पहिला संशय इथे घ्यावा.

या टप्प्यावर अनुभवी लोकही एका ठिकाणी ठेच खातात. आपण जुड्या वरून खाली मागत आहोत, पण एका जुडीच्या आत सर्व्हर मेल्स सहसा चढत्या क्रमाने पाठवतो. म्हणजे ४०,१६१ ते ४०,३१० मागितलं, की पहिलं मेल येतं ते ४०,१६१ क्रमांकाचं. प्रत्येक मेल आल्यावर खालचं टोक सरकवणारं ॲप लिहिलं असेल, तर पहिल्याच मेलला खूण ४०,१६१वर जाते, आणि उरलेली १४९ अजून वाटेत असतात. त्या क्षणी ॲप मारलं गेलं की ती सगळी हरवली. म्हणून खूण जुडी पूर्ण झाल्यावरच सरकवायची, आणि ती जुडीच्या तळाच्या आकड्यावर न्यायची, शेवटी मिळालेल्या मेलच्या आकड्यावर नाही. कारण तळाचा क्रमांक रिकामाही असू शकतो. वेग वाढवण्यासाठी एकाच वेळी चार जुड्या मागितल्या, तरी नियम तोच. चौथी आधी आली म्हणून खूण चौथीवर उडी मारू शकत नाही, पहिली येईपर्यंत तिने थांबायचं.

मग जुडी १५०चीच का? प्रत्येक मेलला खूण का लिहू नये? डेटाबेसला एक व्यवहार पक्का करून साठवणीवर उतरवायला वेळ लागतो. तो सेकंदाचा विसावा भाग धरू, म्हणजे ०.०५ सेकंद. आपलं एक मेल उतरायलाही तेवढाच वेळ लागतो. म्हणजे प्रत्येक मेलला खूण लिहिली, तर ४० मिनिटांचं काम ८० मिनिटांचं होईल. उलट तासाभराने एकदा खूण लिहिली, तर ती लिहायची वेळ येण्याआधीच ॲप मारलं जाईल. मधला बिंदू कुठे, याचं एक साधं सूत्र जॉन यंग यांनी १९७४मध्ये मोठ्या संगणकांवरच्या लांब गणितांसाठी मांडलं. खूण लिहायला लागणारा वेळ आणि दोन व्यत्ययांमधला सरासरी वेळ यांचा गुणाकार करायचा, त्याची दुप्पट करायची आणि वर्गमूळ काढायचं. आपल्या खात्यात ०.०५ सेकंद आणि ६०० सेकंद. गुणाकार ३०, दुप्पट ६०, वर्गमूळ पावणेआठ. म्हणजे साधारण आठ सेकंदांनी एक खूण, आणि आठ सेकंदांत १५०-१६० मेल्स. सगळं खातं मिळून सुमारे साडेतीनशे खुणा होतात आणि त्यांना एकंदर सतरा-अठरा सेकंद लागतात. ॲप मारलं गेलं तर वाया जातात फार तर आठ सेकंद. आकडा १००चा घेतला काय किंवा २००चा, फारसं बिघडत नाही. १चा किंवा २०,०००चा घेतला तर बिघडतं.

काही जण विचारतात, बंद होताना ॲपला निरोपाची संधी मिळते ना? मग तेव्हाच एकदा खूण लिहावी. या आशेवर कोणी राहू नये. अँड्रॉइड मेमरीसाठी ॲप मारतं, तेव्हा निरोपाचा कोड चालेलच याची हमी नसते, आणि बॅटरी संपताना तर कोणी विचारतही नाही. जाताना लिहिलेली खूण ही वरकड सोय मानावी; भिस्त ठेवायची ती चालता चालता लिहिलेल्या खुणेवर.

आता तो मधला मोठा आकडा, `UIDVALIDITY`. खूण ही एका विशिष्ट पुस्तकाची असते आणि पुस्तकच बदललं तर तिला अर्थ उरत नाही. ऑफिसने मेलचा सर्व्हर बदलला, किंवा बिघाडानंतर फोल्डर नव्याने उभारलं, तर सगळ्या मेल्सना नवे यूआयडी मिळू शकतात. काल ४०,१६१ क्रमांकावर बँकेचं पत्र होतं, आज तिथे रेल्वेचं तिकीट असेल. हे ओळखता यावं म्हणून सर्व्हर प्रत्येक फोल्डरसोबत हा आकडा देतो, आणि क्रमांकांची मांडणी बदलली की त्यानेही हा आकडा बदलायचा असतो. पुष्कळ सर्व्हर त्यासाठी फोल्डर तयार झाल्याची वेळ सेकंदांत मोजून वापरतात. वरचा १६०९४५९२०० म्हणजे जागतिक वेळेनुसार १ जानेवारी २०२१ची मध्यरात्र. ॲपने खुणेसोबत हा आकडाही जपून ठेवायचा आणि इनबॉक्स उघडताच आधी तो ताडून पाहायचा. जुळला तर पुढे चालायचं. नाही जुळला तर खूण टाकून द्यायची, त्या फोल्डरची साठवलेली मेल्सही टाकून द्यायची आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. हा एक प्रसंग असा आहे, जिथे पुन्हा सुरुवात करणं हेच बरोबर वागणं आहे. जे ॲप इथे कष्ट वाचवायला जातं, ते एका पत्राच्या मथळ्याखाली दुसऱ्याच पत्राचा मजकूर दाखवतं.

इतकं सगळं नीट केल्यावर एक नवाच दोष उद्भवू शकतो, आणि तो खूण ठेवल्यामुळेच येतो. समजा, ३१,०४५ क्रमांकाच्या मेलमध्ये काहीतरी वाकडं आहे. त्याची जोडलेली फाइल बिघडलेली आहे आणि ती उलगडताना ॲपच कोसळतं. जुडी पूर्ण होत नाही, खूण सरकत नाही. पुन्हा सुरू झाल्यावर ॲप इमानेइतबारे त्याच जुडीपाशी येतं, त्याच मेलवर कोसळतं. खूण न ठेवणारं ॲपही इथे अडकलं असतं, पण खूण ठेवणारं ॲप सुरू झाल्यापासून काही सेकंदांत कोसळत राहतं, आणि फोन गरम होतो. उपाय असा, की जुडीला हात घालायच्या आधीच ‘हा या जुडीचा अमुक प्रयत्न’ अशी नोंद वेगळ्या व्यवहारात पक्की करायची. ती कामाआधी लिहायची, कारण कोसळल्यावर लिहायला कोणी उरत नाही. तीन प्रयत्न फसले की १५०ची जुडी तोडून एकेक मेल मागायचं. जे मेल पुन्हा पाडेल त्याचा क्रमांक वेगळ्या यादीत टाकायचा, बाकीची साठवायची आणि पुढे निघायचं. ती यादी लपवू नये. ‘एक मेल उतरवता आलं नाही’ एवढं माणसाला दिसलं पाहिजे, म्हणजे गरज पडली तर तो ते संगणकावर उघडून पाहील.

मोठ्या मेलची गोष्टही याच जातीची. २५ एमबीचं एखादं मेल कमकुवत नेटवर्कवर उतरायला इतका वेळ घेतं, की दर वेळी अर्ध्यातच काम तुटतं. सगळ्या खात्यासाठी खूण आहे, पण या एका मेलच्या आत खूण नाही, म्हणून सुरुवातीला पाहिलेला न संपणारा फेरा इथे छोट्या प्रमाणात पुन्हा सुरू होतो. आयमॅपमध्ये मेलचा तुकडा मागता येतो:

```
a9 UID FETCH 28417 (BODY.PEEK[]<5242880.524288>)
```

म्हणजे पहिले ५ एमबी आलेले आहेत, त्यापुढचा अर्धा एमबी दे. प्रत्येक तुकडा साठवला की किती आलं हे त्याच व्यवहारात लिहायचं. इथे आकड्याची खूण का चालते, असा प्रश्न चाणाक्ष वाचकाला पडेल. ती चालते, कारण एका यूआयडीचा मजकूर कधी बदलत नाही. मेलची रांग बदलते, मेल बदलत नाही.

वाचलं-न-वाचलं ही खूणगाठ मात्र सतत बदलत असते, आणि तिच्यासाठी नवे सर्व्हर प्रत्येक बदलाला एक वाढता क्रमांक देतात. त्या क्रमांकापासून पुढचे बदल मागता येतात. यात एकच पथ्य. बदल आणायला सुरुवात करताना सर्व्हरने जो सर्वांत मोठा क्रमांक सांगितला, तोच काम पूर्ण झाल्यावर खूण म्हणून लिहायचा. शेवटी पुन्हा विचारून मिळालेला क्रमांक लिहिला, तर मधल्या दोन मिनिटांत झालेले बदल आपण न आणताच आणलेले ठरतात.

तुमच्या फोनमधलं ॲप यात कुठे बसतं, हे पाहायला फार यंत्रणा लागत नाही. मोठं खातं जोडा, काही हजार मेल्स उतरू द्या आणि खाली सरकवत किती जुनं मेल दिसतं याची तारीख टिपून ठेवा. मग विमान मोड लावा आणि सेटिंगमध्ये जाऊन ॲप सक्तीने बंद करा. विमान मोड लावलेला असतानाच ॲप पुन्हा उघडून पाहा. टिपलेल्या तारखेपर्यंतची मेल्स दिसली, तर माल साठवला जातोय. आता नेटवर्क द्या आणि फोनच्या डेटा वापराच्या आकड्याकडे लक्ष ठेवा. तारीख मागे सरकतेय आणि आकडा त्या मानानेच वाढतोय, तर खूण आहे. तारीख जागच्या जागी आणि आकडा मात्र शेकडो एमबीने चढतोय, तर ॲप तेच तेच पुन्हा उतरवतंय. असं असेल तर फोन चार्जिंगला लावून ॲप समोर उघडं ठेवणं आणि स्क्रीन मालवू न देणं हा कामचलाऊ मार्ग आहे. पार्श्वभूमीची १० मिनिटांची मर्यादा तेव्हा लागू होत नाही. दुसरा मार्ग, ॲपच्या सेटिंगमध्ये सगळी मेल्स न मागता गेल्या एक-दोन महिन्यांचीच मागायची, म्हणजे काम एका फेरीत मावतं.

असं ॲप तयार करणाऱ्यांना मात्र एवढ्यावर थांबता येत नाही. ते एक चाचणीचं खातं घेतात आणि सिंक चालू असताना `kill -9` या आज्ञेने ते कुठल्याही क्षणी मारतात. जुडीच्या आधी, मध्ये, `COMMIT`च्या तोंडावर. पुन्हा सुरू करतात, पुन्हा मारतात, अशा शेकडो फेऱ्या आपोआप चालवतात, आणि मध्येच सर्व्हरवरची काही मेल्स काढतात, काही नवी घालतात. शेवटी सर्व्हरकडून `UID SEARCH ALL` या आज्ञेने सगळ्या क्रमांकांची यादी मागवून ती फोनमधल्या यादीशी एकेक क्रमांक ताडतात. ४७,७००ची ती फसवी बेरीज या तपासणीतून सुटत नाही. न आलेले ३०० क्रमांक एका बाजूला आणि उगाच उरलेले ३०० दुसऱ्या बाजूला, असे वेगवेगळे समोर येतात.